टार्गेट हुकल्यावर टीमला मेल लिहिताय? या चुका टाळा

तिमाही संपली, आकडा आला आणि तो कमी आहे. टीमला मेल लिहायला बसलात की पहिला मसुदा बहुतेक वेळा वाईटच उतरतो, कारण तो लिहिताना टीमपेक्षा आपली बाजू जास्त डोळ्यांसमोर असते. माझाही तसाच उतरला होता. साबण, शाम्पू, केशतेल विकणाऱ्या एका कंपनीत मी एरिया सांभाळत होतो, हाताखाली सहा सेल्स ऑफिसर. जुलै ते सप्टेंबर २०२५ ची ती तिमाही. तो मसुदा आणि शेवटी गेलेला मेल शेजारी ठेवूनच चुका सांगतो.

आधी आकडे. डिस्ट्रिब्यूटरला केलेलं बिलिंग, म्हणजे प्रायमरी, याचं तिमाहीचं टार्गेट ३ कोटी होतं. जुलैत ८८ लाख झाले, ऑगस्टमध्ये १ कोटी ४ लाख आणि सप्टेंबरमध्ये फक्त ५४ लाख. एकूण २ कोटी ४६ लाख, म्हणजे ८२ टक्के. सप्टेंबर कोसळण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जीएसटी कमी होणार ही घोषणा १५ ऑगस्टला झाली, ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय आला आणि २२ सप्टेंबरपासून आमच्या मालावरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मधल्या दिवसांत दुकानदार माल उचलेना. "साहेब, बावीसनंतर या" हे एकच वाक्य प्रत्येक बीटवर, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, ऐकू यायचं.

पहिली चूक: खऱ्या कारणाच्या आड लपणं

माझा पहिला मसुदा असा सुरू होत होता: "जीएसटीतील बदलामुळे बाजारात निर्माण झालेल्या अनिश्चिततेमुळे आपल्याला अपेक्षित निकाल साध्य करता आला नाही. याची जबाबदारी मी स्वीकारतो."

यातला एकही शब्द खोटा नाही, आणि अडचण तीच आहे. कारण बाहेरचं असेल तर जबाबदारी कसली स्वीकारली? वाचणाऱ्याला लगेच कळतं की दुसरं वाक्य रीत म्हणून घातलंय. शिवाय "निर्माण झालेल्या", "साध्य करता आला नाही" अशा वाक्यांत कुणी काही केलेलंच नसतं, सगळं आपोआप घडलेलं असतं. तुमच्या मेलमध्ये अशी क्रियापदं दिसली की थांबा आणि विचारा: हे कोणी केलं, कोणत्या तारखेला?

मी विचारलं तेव्हा उत्तर टोचणारं होतं. १५ ऑगस्टची घोषणा मी ऐकली होती. तरीही ऑगस्टचा महिना शंभर टक्क्यांवर न्यायचा म्हणून शेवटच्या आठवड्यात सहाही जणांना फोन करून मी २० लाखांचं जादा बिलिंग करून घेतलं. त्या महिन्यात डिस्ट्रिब्यूटरकडून दुकानात गेलेला माल, म्हणजे सेकंडरी, होता ८४ लाखांचा. बिलिंग १ कोटी ४ लाखांचं. मधले २० लाख गोदामात पडले आणि डिस्ट्रिब्यूटरचा साठा २१ दिवस पुरेल इतका होता, तो ३० दिवसांच्या आसपास गेला.

टीममधल्या प्रत्येकाला तो फोन आठवत होता. मेलमध्ये तोच नसेल तर पुढचं कोण कशाला वाचेल?

दुसरी चूक: सगळंच अंगावर घेणं

पहिला मसुदा फाडल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. "ही सर्वस्वी माझी चूक आहे. तुमच्यापैकी कोणीही कमी पडलं नाही." ऐकायला मोठेपणाचं वाटतं, पण हेही खरं नव्हतं.

हिशेब करून बघा. ऑगस्टला ते २० लाख भरले नसते, तर ऑगस्ट ८४ वर थांबला असता आणि सप्टेंबर फार तर ७४ वर गेला असता. तिमाहीची बेरीज तीच, २ कोटी ४६ लाख. माल भरल्याने विक्री वाढत नाही, एका महिन्यातून दुसऱ्यात सरकते. म्हणजे तिमाहीचा आकडा माझ्या त्या फोनमुळे हुकला नव्हता, तो बाजारामुळे हुकला.

मग माझी चूक कोणती? १८ टक्क्यांनी घेतलेला माल डिस्ट्रिब्यूटरकडे पडून राहिला आणि तो ५ टक्क्यांनी विकायची वेळ आली. त्यांचे पैसे अडकले, फरकाचे क्लेम सुरू झाले. माझ्या सहा माणसांचा सप्टेंबर दुकानांऐवजी गोदामात साठा मोजण्यात आणि क्लेमचे कागद जुळवण्यात गेला. २२ तारखेनंतर दुकानं माल मागू लागली, तेव्हा बीटवर जायला माणूस नव्हता आणि नवीन बिल उचलायला डिस्ट्रिब्यूटरकडे पैसा नव्हता. ही माझी चूक, एवढीच, आणि नेमकी हीच मेलमध्ये लिहायला हवी होती.

जबाबदारीला माप असावं लागतं. सगळी घेतली की कुठलीच घेतली नाही असं होतं, कारण "सगळी चूक माझी" या वाक्यातून उद्या काय वेगळं करायचं ते निघत नाही. "साठा ३० दिवसांवर जाईल इतकी बिलं काढायला लावली" यातून निघतं.

शेवटी गेलेला परिच्छेद असा होता:

"तिमाही ८२ टक्क्यांवर बंद झाली. जीएसटीमुळे सप्टेंबर पडणारच होता, ते आपल्या हातात नव्हतं. पण घोषणा होऊनही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात २० लाखांचं जादा बिलिंग मी करून घेतलं. त्याने तिमाही वाचली नाही, उलट तुमचा सप्टेंबर क्लेममध्ये गेला. तुमच्यापैकी दोघांनी तेव्हाच 'माल अडकेल' असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

त्या दोघांची नावं मी घातली नाहीत. कौतुकानं घातलेल्या नावामुळेही उरलेले चौघे आपोआप दुसऱ्या रांगेत जातात. सर्वात कमी आकडा ज्याच्या टेरिटरीत होता त्याचं नाव घालायचा तर प्रश्नच नव्हता. टेरिटरीवार तक्ता जोडणं म्हणजेही नाव घेणंच. तो ज्याचा त्याला वेगळा पाठवावा. सर्वात मोठा फटका बसलेल्या माणसाला मी मेल जाण्याआधी फोन केला, नाहीतर प्रत्येक ओळ त्याला स्वतःवरचा टोमणा वाटली असती.

तिसरी चूक: इन्सेंटिव्हवर गप्प बसणं

ही चूक फार जण करतात आणि मला ती सर्वात वाईट वाटते. आमच्याकडे ८५ टक्क्यांच्या खाली इन्सेंटिव्हचा स्लॅबच नव्हता. ८२ टक्के म्हणजे शून्य, आणि पुढे दिवाळी. मेल उघडल्यावर माणूस आधी हीच ओळ शोधणार. ती नसेल तर तुमचा कबुलीजबाब कितीही सुंदर असो, तो "पैसे बुडाले हे सांगायचं टाळलं" असाच वाचला जातो.

उलट बाजूचा मोह म्हणजे "मी वरती बोलून काहीतरी करतो" असं लिहून टाकणं. जे आपल्या हातात नाही त्याचं आश्वासन मेलमध्ये नको, तो मेल कुणीतरी जपून ठेवतं. मी लिहिलं: "आजच्या नियमाने या तिमाहीचा इन्सेंटिव्ह बसत नाही. सप्टेंबर वेगळा धरावा अशी विनंती मी केली आहे. हो किंवा नाही, जे उत्तर येईल ते १० ऑक्टोबरपर्यंत कळवतो." उत्तर "नाही" असं आलं. ते मी ९ तारखेला कळवलं.

चौथी चूक: नव्या फोकसच्या नावाखाली सात कामं देणं

माझ्या मसुद्यात "पुढची दिशा" म्हणून सात मुद्दे होते: क्लेम मिटवणे, कव्हरेज वाढवणे, नवीन शाम्पूचं लॉन्च, छोट्या गावांत नवे डिस्ट्रिब्यूटर, उधारी वसुली, डिस्प्ले, रोजचं रिपोर्टिंग. सगळी कामं गरजेचीच. पण हुकलेल्या तिमाहीनंतर माणूस आधीच दमलेला असतो, आणि सात मुद्दे वाचून तो एवढंच समजतो की काहीच बदललेलं नाही.

खरा फोकस बदललाय की नाही ते ओळखायची एक सोपी खूण आहे: मेलमध्ये "हे आता करायचं नाही" अशी ओळ आहे का? आमच्यात शेवटी तीन गोष्टी राहिल्या. डिस्ट्रिब्यूटरचा साठा २५ दिवसांच्या वर असेल तर त्याला बिल काढायचं नाही, मी फोन करून सांगितलं तरीही नाही. क्लेमचे कागद १५ ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे द्यायचे, पुढचा पाठपुरावा माझा. आणि रोज पाहायचा आकडा एकच, प्रॉडक्टिव्ह कॉल. ४० दुकानांच्या बीटवर तेव्हा सरासरी १८ दुकानांतून ऑर्डर येत होती, ती २४ वर न्यायची. शाम्पूचं लॉन्च आणि नवे डिस्ट्रिब्यूटर जानेवारीवर ढकलले आणि तसं स्पष्ट लिहिलं.

हे लिहिण्याआधी साहेबांशी बोलून घ्यावं लागतं. विशेषतः एक गोष्ट विचारून ठेवा: राहिलेले ५४ लाख पुढच्या तिमाहीच्या टार्गेटमध्ये चढवणार का? त्याचं उत्तर न घेता "नवी सुरुवात" लिहिलंत आणि आठवड्यानं वाढीव टार्गेट आलं, तर पुढच्या मेलवर कुणी विश्वास ठेवणार नाही. साहेबांना सीसीत मात्र ठेवू नका. सीसीत साहेब असले की लिहिणाऱ्याचा सूर आपोआप त्यांच्याकडे वळतो, आणि टीमला ते पहिल्या ओळीत कळतं. त्यांना वेगळा मेल करा.

वेळेचं थोडक्यात. आकडा ३० सप्टेंबरला रात्री बंद झाला. २ तारखेला दसरा होता, म्हणून मेल ३ तारखेला, शुक्रवारी सकाळी बीटवर निघायच्या आधी गेला. महिन्याच्या मध्यावर पाठवला असता तर दिवाळीच्या धावपळीत कुणी उघडला नसता, आणि तोवर प्रत्येकाने आपापली कहाणी रचलेली असती. लांबी मोबाइलच्या दोन स्क्रीनइतकी. विषयाच्या ओळीत "महत्त्वाचे" वगैरे काही नाही, फक्त "जुलै-सप्टेंबर: ८२ टक्के, आणि ऑक्टोबरमध्ये काय बदलतंय".

मेल लागला की नाही ते उत्तरांवरून कळतं. "नोटेड सर" आणि अंगठा आले म्हणजे वाचलाय, इतकंच. मला पहिल्या दिवशी चार अंगठे आले. पाचव्या दिवशी एकाचा मेसेज आला: "सर, अमुक डिस्ट्रिब्यूटरचा साठा २७ दिवसांवर आहे. तो ४ लाखांचं बिल मागतोय, दिवाळीसाठी. काढू का?"

त्या दिवशी महिन्याचं बिलिंग ६ लाखांनी मागं होतं. मी लिहिलं, "नको."