डेस्कटॉपचा घरघरणारा पंखा बदलताना: किती मोठा घ्यायचा आणि बुशचा की बेअरिंगचा?

अकोल्याला माझ्या ताईचं हिशेबाचं ऑफिस आहे. तिथला डेस्कटॉप सकाळी दहाला सुरू केला की पहिली पाच-सात मिनिटं जातं फिरवल्यासारखा घरघरायचा आणि मग आपोआप गप्प व्हायचा. ताईच्या मते तो म्हातारा झाला होता. गप्प होतोय म्हणून तिनं वर्षभर तसाच चालवला. खरं तर हे ‘आधी ओरडणं, मग गप्प होणं’ हीच बुश, म्हणजे पंख्याचा दांडा ज्या नळीत फिरतो ती नळी, कोरडी पडल्याची खूण असते. रात्रभर थंड पडलेलं उरलंसुरलं घट्ट तेल दांड्यावर नीट पसरत नाही. पंखा तापला की ते सैल होतं आणि आवाज बसतो. पुढे पुढे ही मिनिटं वाढत जातात, आणि एक दिवस पंखा फिरायचाच थांबतो.

आधी ओरडणारा पंखा पकडा

कॅबिनेटची बाजूची पत्री काढा, मशीन सुरू करा आणि कान द्या. सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून एकेक पंखा दोन-तीन सेकंद थांबवून बघा. पात्यांना हात लावू नका. मधल्या गोल डबीवर, म्हणजे हबवर, बोट हलकेच टेकवलं की पंखा थांबतो. ज्याला थांबवल्यावर घरघर जाते तो दोषी. पत्रीवर तळहात दाबल्यावरच आवाज जात असेल, तर पंखा ठीक आहे आणि पत्री थरथरते आहे. तिथे स्क्रू आवळून काम भागतं.

आवाजाची जातही ऐका. सुरुवातीची घरघर म्हणजे बुश. एकसारखी बारीक टिकटिक किंवा किरकिर, जी तापल्यावरही जात नाही, ती बहुधा छर्‍याच्या बेअरिंगची. नुसता ‘सूंऽऽ’ असा वाऱ्याचा आवाज असेल तर बेअरिंग खराब नाही, पंखा जास्त वेगाने फिरतोय. मशीन बंद करून पातं बोटाने आत-बाहेर आणि आजूबाजूला हलवून बघा. आत-बाहेर किंचित हलणं चालतं. आजूबाजूला डुगडुगत असेल तर तो गेला.

आवाज मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या डबीतून येत असेल तर ती उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. तिथे अख्खी डबी बदला किंवा माहितगाराकडे द्या.

माप पंख्याचं घ्या, भोकांचंही घ्या

कॅबिनेटच्या पंख्याचं माप म्हणजे चौकोनी फ्रेमची बाजू: ८०, ९२, १२० किंवा १४० मिमी. जाडी बहुतेक वेळा २५ मिमी असते. दुकानात जाताना मात्र शेजारच्या दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मोजून न्या. ८० च्या पंख्याला ते ७१.५ मिमी असतं, ९२ ला ८२.५, १२० ला १०५ आणि १४० ला १२४.५ मिमी.

ताईच्या मशीनला मागे ८० चा पंखा होता. तो काढला तेव्हा दिसलं की जाळीभोवती भोकांचे दोन संच पाडलेले आहेत, आतला ८० साठी आणि बाहेरचा ९२ साठी. जुन्या टॉवर कॅबिनेटमध्ये हे बऱ्याचदा असतं, पण जुळणी करणारा स्वस्तातला छोटा पंखा लावून मोकळा होतो. पुढच्या प्लास्टिकच्या तोंडामागे १२० ची जागाही रिकामीच होती. म्हणून आपल्या मशीनमध्ये आहे तेवढाच पंखा बसतो असं धरून चालू नका.

मोठा पंखा गप्प का असतो

८० चा पंखा १२० च्या शेजारी ठेवून बघा. दोघांची मधली डबी जवळपास सारखीच, चारेक सेंटिमीटरची असते, कारण आतली मोटर तेवढीच असते. डबीतून वारा जात नाही. वारा जातो तो भोवतीच्या कड्यातून, आणि छोट्या पंख्यात हे कडं फार अरुंद राहतं. माझ्या हिशेबाने १२० चं कडं ८० च्या कड्याच्या अडीचपटीहून जास्त भरतं. म्हणजे मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी फिरणारा ८० चा पंखा जेवढी हवा ओढतो, तेवढी १२० चा पंखा साधारण ९०० फेऱ्यांतच ओढेल. ९२ च्या पंख्याला त्यासाठी १,७०० च्या आसपास फेऱ्या लागतील.

आवाजाचा खरा मालक वेग आहे. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर वाऱ्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. मोठा पंखा पूर्ण वेगाने फिरवलात तर तोही आरडाओरडा करणारच. त्याचा फायदा एवढाच की त्याला हळू फिरवणं परवडतं.

खोक्यावरचे डेसिबल बघून दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना करू नका. ते आकडे शांत खोलीत, जाळी न लावता, मोकळ्या पंख्यावर मोजलेले असतात आणि मोजायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. ८० च्या भोकाला १२० चा पंखा जोडणारं नरसाळंही मिळतं. मी ते एकदा लावून बघितलं. हवा शेवटी त्याच छोट्या भोकातून जाते आणि वाटेत आपटून घोंगावते. पैसे वाया गेले.

बुश, छर्रे की सीलबंद तेल

घरातला टेबल फॅन बुशचा असतो आणि छताचा पंखा छर्‍यांचा, हे मेकॅनिककडे गेलेल्या कुणालाही माहीत असतं. कॅबिनेटच्या पंख्यांतही तेच दोन मूळ प्रकार आहेत. बुशमध्ये (खोक्यावर ‘स्लीव्ह’) तेल मुरवलेल्या धातूच्या नळीत दांडा फिरतो. नवा असताना तो अगदी शांत असतो आणि स्वस्तही. पण तेल उडत आणि झिरपत जातं आणि धूळ आत शिरते. पंखा उभा लावला की दांडा आडवा असतो. मग पात्यांचं वजन कायम नळीच्या एकाच बाजूवर येतं आणि भोक लांबट होतं. असा झिजलेला पंखा वरची बाजू खाली करून लावला की कधी कधी काही दिवस गप्प बसतो, त्याचं कारण हेच. कॅबिनेटच्या छताला पंखा आडवा लावला तर दांडा उभा राहतो. त्या जागी साधा बुश आणखी लवकर जातो, कारण तेल एका टोकाला उतरतं आणि वरून गरम हवा असते.

छर्‍याचा पंखा कुठल्याही अंगाने लावा, उष्णता सोसतो. त्याची हलकी गुणगुण पहिल्या दिवसापासून ऐकू येते, आणि तो खाली पडणं त्याला सोसत नाही. टेबलावरून फरशीवर पडला तरी छर्‍यांचे बारीक खळगे पडतात आणि टिकटिक सुरू होते. मरताना मात्र तो महिनोन् महिने ओरडून सांगतो. बुशचा पंखा गुपचूप अडकून बसू शकतो.

तिसरा प्रकार ‘फ्लुइड डायनॅमिक’. मुळात हाही बुशच, पण त्यात बारीक खाचा कोरलेल्या असतात. दांडा फिरला की त्या तेल मध्ये ओढून त्याचा दाब तयार करतात, आणि डबी सीलबंद असल्याने तेल बाहेर पडत नाही. बुशाची शांतता आणि छर्‍यांच्या तोडीचं आयुष्य दोन्ही मिळतं. ‘रायफल’ हा मधला भाऊ: एकच मळसूत्री खाच, तेल वर-खाली फिरवणारी. ‘हायड्रॉलिक’, ‘हायड्रो’ वगैरे नावांना मी भाव देत नाही, त्यांना ठरलेला अर्थ नाही. तिथे वॉरंटी किती वर्षांची ते बघतो.

तासांचा आकडा कसा वाचायचा

साध्या बुशवर ३०,००० तास, छर्‍यांवर ५०,००० ते ७०,००० आणि चांगल्या फ्लुइडवर १,५०,००० तासांपर्यंत आकडे लिहिलेले दिसतात. शेवटचा आकडा म्हणजे सतत चालवला तर १७ वर्षं. एवढी वर्षं पंखा चालवून कुणी बघितलेलं नसतं. बरेच पंखे गरम खोलीत कमी काळ चालवून तो हिशेबाने काढतात, आणि तो सरासरीचा असतो, तुमच्या हातातल्या पंख्याचा नाही.

ताईचा हिशेब असा. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३,००० तास. ३०,००० तासांचा बुश दहा वर्षं टिकायला हवा होता, पण तो चौथ्या वर्षी घरघरू लागला. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. खोक्यावरचा आकडा ४० अंशांचा धरला आणि अकोल्याच्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत ५० अंश धरले, तर ३०,००० चे १५,००० झाले, म्हणजे पाच वर्षं. उरलेलं एक वर्ष धुळीने खाल्लं असेल.

म्हणून मागे ९२ चा फ्लुइड बेअरिंगचा पंखा घेतला आणि पुढे १२० चा रायफलचा, कारण पुढे बाहेरची थंड हवा येते आणि तेल तापत नाही. छताला पंखा असता तर तिथे मी छर्रे किंवा फ्लुइडच घेतला असता.

बसवताना

मशीन बंद करा, प्लग काढा. फ्रेमच्या कडेला दोन बाण असतात, एक फिरण्याचा आणि एक हवेचा. बाण नसतील तर स्टिकर आणि आडव्या पट्ट्या ज्या बाजूला, तिकडून हवा बाहेर पडते. पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा बाहेर फेकणारा. रबरी खुंट्या मिळाल्या तर स्क्रूऐवजी त्या लावा, पत्रीला थरथर जात नाही.

तीन पिनांचा पंखा मदरबोर्डच्या चार पिनांच्या जागीही बसतो. `SYS_FAN` किंवा `CHA_FAN` लिहिलेली जागा वापरा. मग मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, जाऊन तीन पिनांच्या पंख्यासाठी `DC` आणि चार पिनांच्या पंख्यासाठी `PWM` निवडा. इथेच बहुतेकांचं फसतं. तीन पिनांचा पंखा `PWM` वर ठेवला की तो कायम पूर्ण वेगाने पळतो, आणि माणूस नव्या पंख्याला शिव्या देतो. वेग कमी करतानाही बेताने करा. व्होल्ट फार उतरवले तर चालू असलेला पंखा फिरत राहतो, पण सकाळी थंड मशीन सुरू केल्यावर उचलतच नाही. म्हणून वेग ठरवल्यावर मशीन पूर्ण बंद करून अर्ध्या तासाने सुरू करून बघा.

धूळ ब्लोअरने उडवताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा मोटरच्या वेगापेक्षा जास्त फिरतो आणि बेअरिंग दुखावतं.

नवा पंखा यायला वेळ असेल तर जुन्या बुशच्या मागचं स्टिकर सोलून, रबरी बूच असल्यास काढून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं. स्टिकर तेलकट झालं तर पुन्हा चिकटत नाही, त्यामुळे आधी कडा पुसून घ्या. ताईचा जुना पंखा या थेंबावर तीन आठवडे गप्प होता. चौथ्या आठवड्यात पुन्हा घरघरू लागला, तेव्हा नवे पंखे आलेले होते.