घरच्या ब्रॉडबँडवरून कन्सोलचा खेळ न अडखळता थेट दाखवण्यासाठी बिटरेट कसा ठरवावा

थेट प्रक्षेपण अडखळू लागले की बहुतेक जण मोठा प्लॅन घेतात. परंतु प्लॅनच्या जाहिरातीतला ठळक आकडा बहुधा डाउनलोडचा असतो आणि प्रक्षेपण जाते ते अपलोडमधून. म्हणून आपल्या जोडणीचा अपलोड प्रक्षेपणाच्या नेमक्या वेळी किमान किती मिळतो, हे आधी शोधावे आणि त्यातला एक तृतीयांश भाग मोकळा ठेवून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायच्या माहितीचे प्रमाण, ठरवावा.

उदाहरणादाखल नांदेडमधले एक घर घेऊ. स्थानिक केबलचालकाची फायबर जोडणी आहे, प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे आणि प्लेस्टेशन ५ चे चित्र कॅप्चर कार्डमार्फत लॅपटॉपवरील ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये येते. (थेट कन्सोलवरून प्रक्षेपण करणाऱ्यांनी हाच हिशेब करावा, मात्र प्लेस्टेशनवर बिटरेटऐवजी रिझोल्युशन कमी-जास्त करावे लागते.)

सर्वप्रथम लॅपटॉप लॅन केबलने राऊटरला जोडावा. वायफायवर सरासरी वेग चांगला दिसला तरी मधूनमधून क्षणभराचे खंड पडतात, आणि प्रेक्षकाला तेच खंड दिसतात. त्यानंतर ज्या वेळी खेळणार त्याच वेळी, म्हणजे समजा रात्री नऊच्या सुमारास, तीन-चार दिवस वेगाची चाचणी घ्यावी. दुपारी मिळालेला वेग येथे उपयोगाचा नाही, कारण रात्री आसपासची सगळीच घरे जोडणीवर असतात. आपल्या उदाहरणात अपलोड ११, ९ आणि ८ एमबीपीएस असा आला, तर सरासरी न काढता ८ हाच आकडा धरावा.

आठाचे दोन तृतीयांश म्हणजे साधारण ५.३ एमबीपीएस, अर्थात ५३०० केबीपीएस. आवाजाला १६० केबीपीएस लागतात. उरलेल्या मर्यादेत ७२०पी, ६० फ्रेमसाठी ४५०० केबीपीएस आरामात बसतात. १०८०पी, ६० फ्रेमसाठी ट्विचवर ६००० केबीपीएस सुचवले जातात; ते या घराला पेलणार नाहीत, आणि तुटपुंज्या बिटरेटवर १०८०पी चालवले तर वेगवान दृश्यात चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते. माझ्या मते अशा वेळी ७२०पी निःसंकोच निवडावे. मोकळा ठेवलेला भाग वाया जात नाही: ऑनलाइन खेळाची स्वतःची देवाणघेवाण त्यातूनच होते आणि घरातल्या एखाद्या फोनने लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले तरी तो काही प्रमाणात धक्का सोसतो. प्रेक्षक वाढले म्हणून मात्र आपला अपलोड अधिक खर्च होत नाही, कारण आपण सर्व्हरला एकच प्रत पाठवत असतो.

ओबीएसच्या Settings मधील Output भागात Output Mode ला Advanced आणि Rate Control ला CBR निवडावे, बिटरेट ४५०० भरावा आणि Keyframe Interval २ सेकंद ठेवावा. मग यूट्यूबवर Unlisted प्रक्षेपण अर्धा तास चालवून पाहावे. त्याच वेळी विंडोजच्या Command Prompt खिडकीत ही आज्ञा चालू ठेवावी:

```
ping -t 8.8.8.8
```

प्रक्षेपणाआधी उत्तर २० मिलिसेकंदांत येत असेल आणि प्रक्षेपण सुरू होताच ते दीडशे-दोनशेवर जात असेल, तर राऊटरपाशी पाठवायच्या माहितीची रांग लागली आहे, असे समजावे. हीच रांग खेळातही उशीर आणते. अशा वेळी बिटरेट ५०० ने उतरवून पुन्हा पाहावे.

अडखळण्याचे खरे कारण ओबीएसच्या Stats खिडकीत कळते. Dropped Frames (Network) वाढत असेल तर दोष जोडणीचा. तेथे बिटरेट उतरवणे हाच उपाय. Skipped frames due to encoding lag वाढत असेल तर लॅपटॉप दमतो आहे आणि प्लॅन बदलून काहीही होणार नाही. दोन्ही शून्यावर असूनही एखादा प्रेक्षक तक्रार करत असेल, तर त्याचा डाउनलोड कमी पडत असावा. ट्विचवर नवख्या वाहिनीला कमी दर्जाचे पर्याय मिळतीलच असे नसते. त्यामुळे गावाकडे मोबाइल डेटावर पाहणाऱ्यालाही पूर्ण ४५०० केबीपीएस ओढावे लागतात. असे प्रेक्षक अधिक असतील तर ७२०पी, ३० फ्रेम आणि ३००० केबीपीएस हा निर्णय योग्य ठरतो.

या बिटरेटवर तासाला सुमारे २ जीबी डेटा जातो. रोज तीन तास धरले तर महिन्याला १९० जीबीच्या आसपास होतात, म्हणून प्लॅनची एफयूपी मर्यादा आधी विचारून घ्यावी; ती ओलांडल्यावर वेग उतरला की वरचा सगळा हिशेब कोलमडतो. उन्हाळ्यात लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात राऊटर बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर बिटरेट कितीही कमी केला तरी प्रक्षेपण तुटणारच. तेथे राऊटर आणि फायबरचा डबा या दोहोंना छोटा डीसी यूपीएस लावावा.