कॅनव्हाच्या टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर टाकताय? या चुका टाळा

कॅनव्हावरची बहुतेक टेम्प्लेटं इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर वेलांटी नसते, खाली उकार नसतो, डोक्यावर रेघ नसते. त्यामुळे "BAKE SALE" खोडून तिथे मराठी टाइप केलं की छान दिसणारं टेम्प्लेट एकदम केविलवाणं दिसायला लागतं. आपल्याला डिझाइन जमत नाही, असं मग लोक ठरवून टाकतात. खरं तर दोन-तीन सेटिंग्ज बदलायची राहिलेली असतात, एवढंच.

कोथरूडच्या एक काकू दिवाळीत घरून फराळाच्या ऑर्डर घेतात. त्यांनी बेकरीच्या सेलचं एक टेम्प्लेट निवडलं. पार्श्वभूमी क्रीम, वर दोन ओळींचं मोठं हिरवं शीर्षक, मध्ये गोल चौकटीत फोटो आणि तळाला गडद हिरव्या पट्टीवर फोन नंबर. निवड चांगली होती. शीर्षकात त्यांनी "साजूक तुपातला / दिवाळी फराळ" असं लिहिलं, आणि तिथपासून एकेक गोष्ट बिनसत गेली. आता तेच पोस्टर एकेका दुखण्यासकट बघू.

पहिली गडबड फॉन्टची. मूळ शीर्षक एका नाजूक इंग्रजी फॉन्टात होतं. त्या फॉन्टात देवनागरी अक्षरंच नव्हती. अशा वेळी कॅनव्हा काहीही न सांगता मराठी अक्षरं दुसऱ्याच एका पर्यायी फॉन्टात दाखवतो, आणि वरच्या पट्टीत नाव मात्र जुन्याच फॉन्टाचं राहतं. काकूंनी यादीतली नावं बदलून बदलून पाहिली, पण मराठी अक्षर ढिम्म हललं नाही. खालचा फोन नंबर मात्र दर वेळी नवं रूप घेत होता. ओळखायची खूण हीच: फॉन्ट बदलल्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे बदलत असतील आणि मराठी तसंच राहत असेल, तर त्या फॉन्टात देवनागरी नाही. पोस्टरवर मजकूर एका वळणाचा आणि आकडे दुसऱ्याच वळणाचे दिसतात, त्याचं कारणही बहुधा हेच असतं.

उपाय असा की, देवनागरी असलेला फॉन्ट नाव टाकून शोधायचा. Mukta, Hind, Baloo, Kalam, Yatra One, Rozha One ही नावं शोधून पाहा. फराळाच्या शीर्षकाला Baloo किंवा Yatra One शोभेल आणि बारीक मजकुराला Mukta. दोनच फॉन्ट पुरे, तिसरा आला की पोस्टर लग्नाच्या वरातीसारखं दिसतं. Yatra One आणि Rozha One एकाच जाडीत येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी B चं बटण चालत नसेल तर गोंधळू नका. Mukta मात्र बारीक ते जाड अशा अनेक वजनांत आहे, म्हणून यादी आणि दर लिहायला तो सोयीचा.

फॉन्ट पक्का करण्याआधी त्यात एक ओळ टाइप करून बघा: "खाऱ्या शंकरपाळ्या, चिठ्ठ्या, ॲडव्हान्स ₹५००". यात मराठीची सगळी अवघड ठिकाणं आली. "खाऱ्या"मधला आडवा र नीट जुळतो का, "ठ्ठ्या"चं जोडाक्षर सुटं पडतं का, "ॲ" आणि "₹" बाकीच्या अक्षरांच्याच वळणाचे दिसतात का, हे बघायचं. हिंदी मजकुरात व्यवस्थित दिसणारे काही जुने फॉन्ट नेमके "ऱ्या" आणि "ॲ" वर अडखळतात. ही ओळ पार पडली की तो फॉन्ट मराठीसाठी निर्धास्त वापरा.

मजकूर जुन्या छपाईच्या फायलीतून कॉपी करत असाल तर एक वेगळीच भानगड होऊ शकते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला मजकूर कॅनव्हात चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. तिथे फॉन्ट बदलून काही होत नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा, किंवा सरळ पुन्हा टाइप करा. पोस्टरवरच्या चार ओळींसाठी टाइप करणंच लवकर होतं.

आता मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक. काकूंनी फॉन्ट Baloo केला, तरी "फराळ" हा शब्द "फ रा ळ" असा तुटक दिसत राहिला. दोष फॉन्टचा नव्हता. इंग्रजी कॅपिटल शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून टेम्प्लेट करणारे अक्षरांमध्ये अंतर वाढवून ठेवतात. मराठी मजकूर टाकला तरी ते सेटिंग त्या बॉक्सला चिकटूनच राहतं. इंग्रजी अक्षरं एकमेकांपासून सुटी असतात, म्हणून त्यांना हे अंतर मानवतं. मराठी शब्द शिरोरेघेने बांधलेला असतो, त्यामुळे अंतर वाढलं की रेघेचे तुकडे पडतात. शीर्षकाचा बॉक्स निवडा, वरच्या पट्टीतलं Spacing उघडा. काकूंच्या शीर्षकात Letter spacing 150 होतं. तिथे 0 टाइप केलं आणि शब्द सांधला गेला. उणे आकडाही ठेवू नका, अक्षरं एकमेकांवर चढतात. टेम्प्लेटमधल्या प्रत्येक बॉक्सला हे सेटिंग वेगळं असतं, तेव्हा छोट्या ओळीही तपासा. तळातल्या "ऑर्डरसाठी संपर्क"मध्ये तेच दुखणं लपलेलं होतं.

त्याच पॅनेलमध्ये Line spacing आहे. काकूंच्या शीर्षकात ते 0.9 होतं. कॅपिटल अक्षरांच्या दोन ओळी इतक्या जवळ चालतात. इथे मात्र "साजूक"चा ऊकार खालच्या ओळीतल्या "दिवाळी"च्या वेलांट्यांमध्ये घुसत होता. 1.2 केल्यावर दोन्ही ओळी मोकळ्या झाल्या. मोठ्या शीर्षकाला 1.1 ते 1.25 आणि बारीक मजकुराला 1.4 च्या आसपास, असा माझा अंदाज असतो. पण फॉन्टाफॉन्टात फरक पडतो, म्हणून आकड्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा: वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी यांच्यामध्ये पार्श्वभूमीचा रंग स्पष्ट दिसला पाहिजे. अक्षरांना गोलाई देणारा Curve इफेक्ट टेम्प्लेटमध्ये असेल तर मराठीसाठी तो काढूनच टाका. सरळ शिरोरेघ कमानीवर बसवली की प्रत्येक जोडावर मोडते, आणि तिथे कुठलंही सेटिंग कामी येत नाही.

ओळींमधलं अंतर वाढलं की बॉक्स खाली वाढतो आणि पुढची कटकट सुरू होते. कॅनव्हातला टेक्स्ट बॉक्स खालच्या वस्तूंना ढकलत नाही, तो त्यांच्यावर चढतो. काकूंचं शीर्षक फोटोवर आलं. शिवाय फोटोच्या वरच्या भागावर क्लिक केलं की फोटोऐवजी टेक्स्ट बॉक्स निवडला जायला लागला. अशा वेळी Position मधल्या Layers यादीतून हवी ती वस्तू थेट निवडता येते.

इथे बॉक्सच्या हँडलांमधला फरक माहीत हवा. कोपऱ्यातला गोल ओढला की अक्षरं लहानमोठी होतात. डाव्या-उजव्या बाजूची उभी पट्टी ओढली तर अक्षरांचा आकार तोच राहतो, फक्त बॉक्सची रुंदी बदलते आणि ओळी नव्याने पडतात. आधी बाजूची पट्टी ओढून मजकूर मूळच्या इतक्याच ओळींत बसवा. दोन ओळींचं शीर्षक दोनच ओळींचं राहिलं की खालची मांडणी सहसा हलत नाही. तरीही बसत नसेल तेव्हाच कोपऱ्याला हात लावा. आणि सगळ्यांत आधी मजकुराला कात्री लावा. काकूंना शीर्षकातच "घरगुती, प्रिझर्व्हेटिव्हविरहित, साजूक तुपातला" असं सगळं हवं होतं. पाटीवर काहीही सांगायचं बाकी ठेवायचं नाही ही आपली पुणेरी खोड, पण दोन ओळींच्या जागेत चार ओळी कोंबल्या की टेम्प्लेटच्या रिकाम्या जागेचा बळी जातो, आणि टेम्प्लेट आवडलेलं असतं ते त्याच जागेमुळे. "प्रिझर्व्हेटिव्हविरहित" फोटोखालच्या छोट्या ओळीत गेलं.

बॉक्स डिलीट करून Add a text box ने नवा घेण्याचा मोह आवरा. जुन्या बॉक्समध्ये शिरून मजकूर निवडायचा आणि त्यावरच टाइप करायचं, म्हणजे जागा, आकार आणि रंग टिकून राहतात. काम सुरू करण्याआधी पानाची एक प्रत करून मूळ पान शेजारी जसंच्या तसं ठेवा. काहीतरी खटकतंय पण कळत नाही, असं झालं की दोन्ही पानं बघितली की कुठे काय सरकलं ते सापडतं.

रंगांचं सांगायचं तर, काकूंना तळाची हिरवी पट्टी झेंडूसारखी केशरी हवी होती. पट्टी निवडून त्यांनी #FF9800 हा केशरीचा रंग-कोड टाकला आणि खाली आलेलं Change all दाबून मोकळ्या झाल्या. शीर्षकही नेमकं त्याच हिरव्या रंगात होतं, त्यामुळे तेही केशरी झालं. क्रीमवर केशरी शीर्षक आणि केशरीवर क्रीम नंबर, दोन्ही फिकट पडले. Change all हे बटण वस्तू ओळखत नाही, फक्त रंग ओळखतं. तो रंग जिथे जिथे असेल तिथे तिथे बदलतो.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजायचं एक प्रमाण आहे, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. वेबवरच्या मजकुरासाठी WCAG ही मार्गदर्शक तत्त्वं साध्या मजकुराला किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांना किमान 3 सांगतात. पांढरी अक्षरं #FF9800 वर ठेवली तर ते प्रमाण जेमतेम 2.2 भरतं, क्रीम अक्षरांचं त्याहूनही कमी. काकूंना Ctrl+Z करायला लावलं. मग Change all ने सगळा हिरवा #7B1E1E म्हणजे मरून केला, कारण गडद रंगाच्या जागी गडद रंगच बसतो. क्रीमशी त्याचा कॉन्ट्रास्ट नऊच्या घरात जातो. झेंडूचा केशरी फोटोभोवतीच्या गोलाला दिला, तिथे काही वाचायचं नसतं. फिकट रंगाच्या जागी फिकट आणि गडदच्या जागी गडद एवढं सांभाळलं, तर रंग कुठलाही घ्या, टेम्प्लेट सहसा दगा देत नाही.

फोटो बदलताना गोल चौकट डिलीट करू नका. नवा फोटो ओढून तिच्यावर सोडला की तो आपोआप गोलात बसतो. चकल्यांचं ताट कापलं जात असेल तर फोटोवर डबल क्लिक करून तो आतल्या आत सरकवा.

पोस्टर व्हॉट्सॲपसाठी असेल तर PNG डाउनलोड करा आणि एकदा मोबाइलवर झूम न करता वाचून बघा. हँडबिल छापायला अप्पा बळवंत चौकात देणार असाल तर PDF Print घ्या. स्क्रीनवरचा झळाळता केशरी कागदावर थोडा मंद येतो, तेव्हा आधी एकच प्रत छापून मागा. पाठवण्यापूर्वी ती PDF दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडून "खाऱ्या शंकरपाळ्या"वर झूम करा. जोडाक्षर फुटलेलं दिसलं तर डाउनलोड करताना Flatten PDF वर टिक करा, म्हणजे अक्षरं चित्र म्हणून जातील. मग मात्र छापखान्यात मजकूर बदलता येणार नाही, त्यामुळे फोन नंबर त्याआधीच तपासून घ्या.