पस्तीस व्हिडिओ आणि वीस आठवडे

लिनिअर अल्जेब्रा शिकायचं ठरवलं तेव्हा माझं पहिलं वेळापत्रक पाच मिनिटांत तयार झालं होतं. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर गिल्बर्ट स्ट्रँग यांचा 18.06 हा कोर्स मोफत आहे. व्याख्यानं १९९९ साली वर्गात चित्रित केलेली आहेत, फळा आणि खडू. प्लेलिस्टमध्ये ३५ व्हिडिओ आहेत. रोज एक, आठवड्याला पाच, म्हणजे सात आठवड्यांत कोर्स संपला. कॅलेंडरवर रंगीत चौकोन भरले आणि फार बरं वाटलं.

दहाव्या व्याख्यानापर्यंत मी एकही दिवस चुकवला नाही. स्ट्रँग फळ्यावर जे करत होते ते सगळं पटत होतं. मग एका संध्याकाळी सहज कोरा कागद घेतला आणि चौथ्या व्याख्यानातलं A = LU, म्हणजे मॅट्रिक्स दोन त्रिकोणी मॅट्रिक्सच्या गुणाकारात मोडणं, स्वतः करायला बसले. पहिली ओळ लिहिली आणि पुढे काय, ते आठवेना. दहा व्याख्यानं "बघून झाली" होती, पण त्यातलं हातात काहीच आलं नव्हतं. मग सगळे चौकोन पुसले आणि पहिल्यापासून आखणी केली. ती दुसरी आखणी शेवटपर्यंत टिकली. तिच्याबद्दलच हे लिहिते आहे.

आधी मोजमाप केलं. साधारण पाऊण तासाचं व्याख्यान मला प्रत्यक्षात किती वेळ घेतं? थांबवत, मागे नेत, टिपणं काढत, जवळपास ८० मिनिटं. त्यावरची पाच-सहा गणितं सोडवायला तासभर. दोन व्याख्यानांचं मिळून पावणेपाच तास होतात. माझ्याकडे आठवड्याला सहा तास होते, त्याहून जास्त धरणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं. म्हणजे दोन व्याख्यानं, त्यांची गणितं, शेवटी चाळीस मिनिटांची चाचणी आणि अर्धा तास शिल्लक. आठवड्याला दोनच व्याख्यानं हे ऐकायला फार कमी वाटतं. मलाही वाटलं. पण हा आकडा मनाने ठरवू नका. पहिले दोन आठवडे घड्याळ लावून मोजा आणि मगच पुढचे आठवडे भरा.

दुसरी गोष्ट, प्लेलिस्ट समान तुकड्यांत कापायची नाही. कोर्सला स्वतःचे सांधे असतात, तिथे कापायची. व्हिडिओंची नावं एकदा ओळीने हाताने उतरवून काढलीत की सांधे आपोआप दिसतात. या प्लेलिस्टमध्ये १३ वं व्याख्यान पहिल्या परीक्षेची उजळणी आहे, 24b हे दुसरीची आणि ३२ वं तिसरीची. म्हणजे कोर्सचे तीन खंड झाले: १ ते १३, १४ ते 24b, आणि २५ ते ३४. पहिल्या खंडात शिकवण्याची बारा व्याख्यानं, म्हणजे सहा आठवडे, आणि उजळणी व परीक्षेला सातवा. दुसऱ्यात अकरा, म्हणजे पुन्हा सहा अधिक एक. त्यातल्या एका आठवड्यात एकच व्याख्यान येतं, आणि ती मोकळीक मी मुद्दाम तशीच ठेवली. तिसऱ्या खंडाला चार अधिक एक, आणि शेवटची दोन व्याख्यानं व अंतिम परीक्षा यांना आणखी एक. एकूण वीस आठवडे. सातचे वीस झाले, पण आता प्रत्येक खंडाच्या शेवटी खरीखुरी परीक्षा होती. जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह कोर्सच्याच पानावर मिळतात.

आता एक आठवडा उलगडून दाखवते, चौथा. त्यात सातवं आणि आठवं व्याख्यान येतं: Ax = 0 कसं सोडवायचं आणि मग Ax = b. सोमवारी सातवं व्याख्यान, मंगळवारी त्याचीच गणितं. गुरुवारी आठवं, शनिवारी त्याची गणितं. रविवारी चाचणी. बुधवार आणि शुक्रवार मोकळे. गणितं व्याख्यानाच्या दिवशी न करता नंतरच्या दिवशी करायची, हा नियम मला फार उपयोगी पडला. त्याच दिवशी केली तर फळा डोळ्यांसमोर असतो आणि आपण नुसती नक्कल करतो. नंतरच्या दिवशी पद्धत आठवावी लागते, आणि काय आठवत नाही ते तिथेच कळतं.

रविवारची चाचणी वही बंद करून, कोऱ्या कागदावर. त्या आठवड्याचा मुख्य प्रश्न मी शुक्रवारी स्वतःच तयार करून ठेवला होता:

```
    1 2 1         3
A = 2 4 3     b = 7
    3 6 4        10
```

Ax = b ची सगळी उत्तरं काढा, आणि कोणत्या b साठी उत्तर निघतच नाही ते सांगा.

दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा केली की 0 0 1 उरतं. तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा केली की तेही 0 0 1. त्या दोघींची वजाबाकी केल्यावर तिसरी ओळ शून्य होते. पिव्हट, म्हणजे उरलेल्या प्रत्येक ओळीतला पहिला शून्य नसलेला आकडा, पहिल्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये आले, दुसरा कॉलम मोकळा. मोकळ्या चलाला शून्य दिलं की दुसऱ्या ओळीतून तिसरा घटक 7 - 6 = 1, आणि पहिल्या ओळीतून पहिला घटक 3 - 1 = 2. उत्तर (2, 0, 1). मी इथेच थांबले, खाली रेघ मारली आणि खूश झाले.

प्रश्न "सगळी उत्तरं" असा होता. मोकळ्या चलाला 1 दिलं आणि उजवी बाजू शून्य धरली तर (-2, 1, 0) मिळतं, आणि त्याची कितीही पट पहिल्या उत्तरात मिळवली तरी समीकरण पाळलं जातं. पूर्ण उत्तर (2, 0, 1) + c(-2, 1, 0) असं हवं. आणि तिसरी ओळ पहिल्या दोघींची बेरीज असल्यामुळे b चा तिसरा घटकही पहिल्या दोघांची बेरीजच असला पाहिजे. इथे 3 + 7 = 10, म्हणून उत्तर निघालं. त्या जागी 11 असतं तर निघालंच नसतं. हा भाग तर मी लिहिलाच नव्हता.

उत्तरं तपासायला पायथॉन पुरतं:

```python
import numpy as np
A = np.array([[1,2,1],[2,4,3],[3,6,4]])
print(np.linalg.matrix_rank(A))
print(A @ np.array([2, 0, 1]))
print(A @ np.array([-2, 1, 0]))
```

रँक, म्हणजे पिव्हटची संख्या, 2 येते, मग 3 7 10, मग तीन शून्यं. पण लक्षात घ्या, मी लिहिलेलं अर्धवट उत्तरही या तपासणीत पास होतं. (2, 0, 1) चूक नाही, अपुरं आहे, आणि हे यंत्र सांगत नाही. म्हणून चाचणी झाली की मी प्रत्येक प्रश्नासमोर तीनपैकी एक अक्षर लिहायला लागले: "आ" म्हणजे आकडेमोड चुकली, "क" म्हणजे कल्पनाच डोक्यात नव्हती, "प्र" म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. इथे पहिल्यांदा मी मोठ्या उदारपणे "प्र" लिहिलं. खरं म्हणजे ते "क" होतं. नलस्पेस, म्हणजे Ax = 0 ची सगळी उत्तरं, उत्तरात का मिळवायची हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: प्रश्न पुन्हा नीट वाचून दोन मिनिटांत बरोबर करता आला तर "प्र", नाही तर "क".

"आ" आला तर मी काही करत नाही. फक्त तोच प्रकार तीन आठवडे दिसला तर हाताने जास्त गणितं घेते. "क" आला की पुढचं व्याख्यान थांबतं. पण पूर्ण व्याख्यान पुन्हा बघायचं नाही. माझी जुनी सवय तीच होती, आणि दुसऱ्यांदा बघताना ते आणखी ओळखीचं वाटतं, एवढंच. टिपणांत व्याख्यानाच्या मिनिटांचे आकडे लिहिलेले असतात, त्यावरून नेमका तो तुकडा शोधायचा. माझा तो दहाएक मिनिटांचा निघाला. मग तीन छोटी गणितं: एकात फक्त b बदलायचा, एकात A बदलायचा, आणि एकात उत्तर न निघणारा b स्वतः शोधायचा. बुधवार मोकळा ठेवलेला असतो तो यासाठी. त्या दिवशी नवीन मॅट्रिक्स घेऊन पुन्हा चाचणी. जमलं तर पुढे, आणि नाही जमलं तर आठवडा सरळ लांबवायचा. वीस आठवड्यांत मला दोनदा लांबवावा लागला, दोन्ही वेळा आयगेनव्हॅल्यूंच्या आसपास.

प्रत्येक चाचणीत एक प्रश्न तीन आठवड्यांपूर्वीचा घालते. तो बहुतेक वेळा सर्वांत वाईट जातो.

उजळणीच्या व्याख्यानांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवखी माणसं नेमकी तीच वगळतात. १३, 24b आणि ३२ यांत स्ट्रँग नवीन काही शिकवत नाहीत, प्रश्न घेतात. फळ्यावर प्रश्न लिहून झाला की व्हिडिओ थांबवायचा, स्वतः सोडवायचा आणि मगच चालू करायचा. अशा रीतीने बघितलं तर एका व्याख्यानाला दोन बैठका लागतात, आणि ती माझ्या मते अख्ख्या प्लेलिस्टमधली सर्वांत उपयोगी व्याख्यानं आहेत. त्यानंतर दोन दिवसांनी जुनी प्रश्नपत्रिका, पन्नास मिनिटं घड्याळ लावून.

उत्तरपत्रिका हाताशी असणं ही सोय आहे आणि सापळाही. माझा नियम असा की २० मिनिटं अडकल्याशिवाय उत्तर उघडायचं नाही. उघडलं तरी पहिली ओळ वाचून झाकायचं. पूर्ण वाचावंच लागलं तर ते गणित त्या दिवशी "झालं" म्हणून धरायचं नाही, दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर उतरलं तरच.

तुमच्या प्लेलिस्टसोबत गणितं किंवा असाइनमेंट नसतील तर आखणीआधी तीच शोधा. त्याच विषयाच्या दुसऱ्या कोर्सची चालतात, फक्त क्रम जुळवून घ्यावा लागतो. काहीच नाही मिळालं तर व्याख्यानातल्याच उदाहरणाचे आकडे बदला. प्रोग्रॅमिंगचा कोर्स असेल तर शिक्षकाने लिहिलेला प्रोग्रॅम व्हिडिओ बंद करून पुन्हा लिहा आणि त्यात त्याने न केलेला एक बदल करा. हे सगळं चालतं, पण बाहेरचं कोणी तपासून दिलेलं उत्तर नसल्यामुळे "क" आणि "प्र" यांतला फरक ओळखणं बरंच अवघड जातं.

शेवटच्या आठवड्यात, अंतिम परीक्षेच्या आधी, मी चौथ्या आठवड्याचा तो मॅट्रिक्स पुन्हा घेतला. सात मिनिटं लागली. c चा भाग या वेळी आधी लिहिला.