रोडग्यांच्या पंगतीनंतर छातीत जळजळ: जेवणाची वेळ कशी बदलावी

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या काकांचं घड्याळ असं चालायचं. सकाळी सहाला कोरा चहा, अकराला वावरात दोन भाकरी आणि ठेचा, चारला पुन्हा चहा. रात्री साडेनऊला भरपेट जेवण आणि दहाला बाजेवर आडवे. बारा-एकच्या सुमारास घशाशी आंबट यायचं, छाती जळायची. ज्या रात्री कुठे रोडग्यांची पंगत असे, त्या रात्री तर ते उठून बसूनच राहायचे.

दोष एकट्या रोडग्यांचा नव्हता. अन्ननलिका आणि जठर यांच्या मध्ये एक झडप असते. पोट गच्च भरलं की ती सैल पडते. आडवं झालं की आम्ल वर येऊ नये म्हणून उभ्या शरीराला मिळणारी मदतही जाते. त्यात तुपात भिजलेले रोडगे आणि तर्रीदार वांग्याची भाजी. तेल-तूप जास्त असलं की पोट उशिरा रिकामं होतं.

म्हणून पहिलं काम वहीत लिहायचं. तीन दिवस फक्त एवढंच टिपा: शेवटचा घास किती वाजता आणि पाठ कधी टेकली. काकांचं अंतर अर्ध्या तासाचं निघालं. ते तीन तासांचं हवं.

वावरातून सात वाजता परतणाऱ्या माणसाला हे जमत नाही असं वाटतं, पण जमतं. काकूंनी नुसती जेवणाची वेळ बदलली नाही, जेवणाचं वजनही बदललं. मोठं जेवण दुपारच्या शिदोरीत गेलं: भाकरी, भाजी, वरण. रात्री साडेसातला एक भाकरी, पातळ वरण किंवा मऊ भात, तोही पोट तुडुंब होण्याआधी थांबून. झोप साडेदहाला. सकाळी कोऱ्या चहावर अकरापर्यंत राहणंही बंद केलं. चहासोबत अर्धी शिळी भाकरी सुरू झाली, म्हणजे संध्याकाळी भुकेचा तडाखा बसत नाही आणि माणूस ताटावर तुटून पडत नाही.

बाजेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा, पंधरा ते वीस सेंटीमीटर उंच होईल अशा, आणि बाज डुगडुगत नाही ना ते पाहा. नुसत्या दोन उशा घेऊ नका. त्यानं मान वाकते आणि पोट दबतं. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल वर येण्याचं प्रमाण कमी होतं.

पंगत रात्रीचीच असेल तर लवकरच्या पंगतीला बसा, चार रोडग्यांऐवजी दोन घ्या. पाणी घोट-घोट प्या. नंतर पंधरा मिनिटं सावकाश फिरा. जड काम किंवा वाकून आवराआवर तेव्हा नको.

जळजळ आठवडा-दोन आठवड्यांत कमी होते, पोट फुगणं मात्र हटवादी असतं. जेवताच फुगलं तर खूप आणि घाईनं खाल्लंय. काही तासांनी फुगलं तर तुरीची डाळ आणि गहू मोठ्या आतड्यात आंबून वायू होतोय. त्याला वेळ बदलून पुरत नाही. रात्रीची डाळ कमी करून दुपारी घ्यावी लागते.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. खाण्याचा सोडा रोज घेणं बरं नाही. त्यात सोडियम असतं, बीपीवाल्यानं तर टाळावंच. अंगदुखीची गोळी उपाशी पोटी घेऊन वावरात जाणं सर्रास चालतं, आणि तीच गोळी पोटात अल्सर करू शकते. जेवणानंतरचा खर्राही सोडा, तंबाखूनं ती झडप आणखी सैल होते.

दोन आठवडे नीट करूनही जळजळ आठवड्यातून दोनदा होत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गिळताना घास अडकणं, वजन घटणं, सतत उलट्या, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांत दोन आठवडेही थांबू नका. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट संडास म्हणजे आत रक्तस्राव. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.

आणि एक गोष्ट मी दरवेळी सांगतो. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, घाम सुटलाय, दम लागतोय, तर ‘गॅस धरला’ म्हणून ओवा चावत बसू नका. हृदयविकाराचा झटका कधीकधी नुसत्या मळमळीनं आणि पोटाच्या वरच्या भागातल्या दुखण्यानंही येतो, मधुमेह असलेल्यांत तर विशेष. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात गेल्यावर आधी ईसीजी काढायला सांगा.