पीआयक्यूत 'ट्रेकिंग' लिहिण्याआधी

साताऱ्यातल्या आमच्या अकॅडमीचे सर सांगायचे, "छंद दणकट लिहा, कॅरम-बिरम नको." मी ऐकलं. सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या पहिल्या दिवशी स्क्रीनिंग पार पडलं. तर्काचे प्रश्न आणि धूसर चित्रावरची गोष्ट मला फार जड गेली नाही. मग पीआयक्यू, म्हणजे स्वतःच्या माहितीचा फॉर्म, भरताना छंदाच्या रकान्यात मी 'ट्रेकिंग' लिहिलं आणि तिथेच माती खाल्ली.

हा फॉर्म म्हणजे नाव-गाव-पत्ता नव्हे. शिक्षण, वडिलांचं उत्पन्न, खेळ, छंद, जबाबदारीची पदं, सगळं त्यात येतं, आणि मुलाखत घेणारे अधिकारी तोच समोर ठेवून बसतात. माझी मुलाखत तिसऱ्या दिवशी दुपारी झाली. दहावीपासूनचे मार्क, आवडते-नावडते शिक्षक, मित्र, सुट्टीचा दिवस असे सात-आठ प्रश्न त्यांनी एका दमात विचारले आणि त्याच क्रमाने उत्तरं द्यायला सांगितली. तेवढं जमलं. मग शांतपणे म्हणाले, "अजिंक्यतारा शेवटचा कधी चढलास?"

"गेल्या महिन्यात, सर."

"कुठल्या वाटेने? किती वेळ लागला?"

मी गेलो होतो मोटारसायकलवरून, थेट वरपर्यंतच्या डांबरी रस्त्याने. वाट ठाऊकच नव्हती. अडखळलो, मग वेळ ठोकून दिली, मग ती बदलली. ते काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या प्रश्नाकडे वळले.

खरा घोळ मात्र आदल्या दिवशीच होऊन बसला होता. मानसशास्त्राच्या पेपरात शेवटी पंधरा मिनिटांत स्वतःबद्दल लिहायचं असतं: आईवडील, शिक्षक, मित्र काय म्हणतात, तुम्हाला स्वतःला काय वाटतं. तिथे मी खरं लिहिलं होतं, की सुट्टीत मी मामाच्या गॅरेजमध्ये पंपाच्या मोटारी खोलतो. ट्रेकिंगचा शब्दही नव्हता. मानसशास्त्रज्ञ, मैदानावर गटाच्या कसोट्या घेणारे जीटीओ आणि मुलाखत घेणारे तुम्हाला वेगवेगळे जोखतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. कागदावरचा एक आणि खुर्चीतला दुसरा, असे दोन मी त्यांच्यासमोर गेले असणार. मला कारण कुणी सांगितलं नाही, ते सांगतही नाहीत. निवडलेल्यांच्या यादीत माझा चेस्ट नंबर नव्हता.

दुसऱ्या वेळी 'मोटार दुरुस्ती' लिहिलं. वाइंडिंग का जळतं यावर दहा मिनिटं गेली आणि मी घामाघूम झालो नाही. छंद साधा असला तर बिघडत नाही, घाबरू नका. शब्द-चाचणीत दिसलेल्या एका शब्दावर वाक्य लिहायला पंधराच सेकंद मिळतात, असे साठ शब्द. तिथे पाठ केलेली वाक्यं विकणाऱ्यांवर मात्र माझा राग आहे.

निवड झाली आणि मेडिकलला कानातल्या मळाने अडवलं, तात्पुरता अनफिट. अपील मेडिकलसाठी बेचाळीस दिवसांची मुदत असते, त्यात सुटलो. निघण्याआधी आठवडाभर इथेच कानाच्या डॉक्टरकडून साफ करून घ्या, काडी घालू नका.