उद्देश्य कसं शोधायचं आणि ऑप्शन कुठे गंडवतात

हे वाक्य घ्या: "शेजारच्या काकूंना भेंडीची भाजी मुळीच आवडत नाही." खाली चार ऑप्शन: काकूंना, शेजारच्या काकूंना, भाजी, भेंडीची भाजी. उद्देश्य कोणतं? निम्मी पोरं काकूंवर टिक करून मोकळी होतात, कारण वाक्याच्या सुरुवातीला माणूस दिसला की तोच कर्ता असं डोक्यात बसलेलं असतं.

आधी क्रियापद धरा. इथे "आवडत नाही", म्हणजे धातू "आवड". त्याला "णारा-णारी-णारं" लावून कोण किंवा काय असं विचारा. न आवडणारी काय? भाजी. झालं, उद्देश्य भाजी. घोळ कुठे होतो तर आपण नकळत "कोणाला आवडत नाही" असं विचारतो, आणि त्या "ला"मुळे उत्तर बदलून काकू येतं. "मला थंडी वाजते" मध्ये पण तेच, वाजणारी थंडी, मी नाही.

आता काही जण शॉर्टकट सांगतात की ज्याच्यामुळे क्रियापद बदलतं ते उद्देश्य. भाजीच्या भाज्या केल्या की "आवडत नाहीत" होतं, काकूंच्या जागी काका आणले तरी काही बदलत नाही, म्हणजे इथे शॉर्टकट चालला. पण "दादाने लाडू खाल्ला" घ्या. लाडूचे लाडू झाले की "खाल्ले" होतं, म्हणून लाडू उद्देश्य का? खाणारा दादाच ना! कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं, तिथे हा शॉर्टकट आपटतो. म्हणून आधी "णारा", नंतर बाकीचं.

मग भाजी की भेंडीची भाजी? प्रश्न परत वाचा. "उद्देश्य" विचारलं तर फक्त भाजी, "उद्देश्य विस्तार" विचारला तर भेंडीची, "उद्देश्य विभाग" म्हटलं तर दोन्ही मिळून. विधेयाचंही तसंच, नुसतं विधेय म्हणजे "आवडत नाही", आणि विधेय विभागात काकू, त्यांचं शेजारचंपण आणि "मुळीच" सगळं येतं. चारही ऑप्शन वाक्यातलेच असतात, त्यामुळे हा एक शब्द नजरेतून सुटला की येत असलेला मार्क जातो (माझे असे बरेच गेलेत).

एक शेवटचा सापळा. "काकूंचा मुलगा तलाठी झाला." होणारा कोण विचारलं की पटकन "तलाठी" येतं तोंडात. अशा वेळी तो शब्द प्रश्नातच घ्या: तलाठी होणारा कोण? मुलगा. तलाठी हे विधानपूरक, ते विधेय विभागात जातं.